कर्ज-चौकशी आणि पतगुणांक

कर्जाचा किंवा क्रेडिट कार्डाचा अर्ज आला की बँक पतमाहिती कंपनीकडून अर्जदाराचा पत-अहवाल मागवते. या मागणीची त्याच अहवालात जी नोंद होते, ती कर्ज-चौकशी. व्यवहारात तिला ‘हार्ड एन्क्वायरी’ म्हणतात आणि तिच्यामुळे पतगुणांक, म्हणजे अहवालावरून काढलेला अर्जदाराच्या पतीचा आकडा, थोडा घटू शकतो. स्वतःचा अहवाल स्वतः पाहिल्यास गुणांक कमी होत नाही.

सिबिल या पतमाहिती कंपनीच्या अहवालात अशा नोंदीपुढे संस्थेचे नाव, तारीख, कर्जाचा प्रकार आणि रक्कम असते. कर्ज मंजूर झाले की नाही, हे त्या ओळीत नसते. घट होण्याचे मूळ इथेच आहे. एकाच घरासाठी ३० लाखांचे कर्ज पाच बँकांत विचारले, तर अहवालात दीड कोटीची मागणी उमटते. ग्राहक दर पडताळून पाहतो आहे की पैशांच्या निकडीने दारोदार फिरतो आहे, हे ओळींवरून कळत नाही. मिळालेले कर्ज अहवालात दिसायलाही काही काळ जातो, त्यामुळे गुणांकन-सूत्र अलीकडच्या चौकश्यांकडे न दिसणाऱ्या संभाव्य कर्जाची खूण म्हणून पाहते.

दर पडताळणाऱ्याला सूट द्यावी का, याचे सविस्तर उत्तर अमेरिकेतील फायको गुणांकात सापडते. त्यात गृह, वाहन आणि शिक्षण कर्जाच्या गेल्या ३० दिवसांतील चौकश्या धरल्या जात नाहीत. त्याआधीच्या ठरावीक मुदतीत आलेल्या एकाच प्रकारच्या चौकश्या मिळून एक मानली जाते. ही मुदत नव्या आवृत्त्यांत ४५ दिवस, जुन्यांत १४ दिवस आहे. समजा, गृहकर्जाच्या चौकश्या १ मार्च, १२ मार्च, ८ एप्रिल आणि २५ एप्रिलला झाल्या. १ जूनला गुणांक काढल्यास नव्या आवृत्तीत पहिल्या तीन मिळून एक आणि शेवटची वेगळी, म्हणजे दोन होतात. जुन्या आवृत्तीत तीन. फायकोच्या मते एका चौकशीने बहुतेकांचे पाचपेक्षा कमी गुण जातात, पण जिचा पत-इतिहास तोकडा आहे अशा व्यक्तीला फटका अधिक बसतो. क्रेडिट कार्डांना ही सवलत नाही.

मराठी वित्तविषयक लेखनात हे ४५ दिवस कधीकधी भारतीय नियम म्हणून सांगितले जातात. ते फायकोच्या अमेरिकी सूत्राचे आहेत. सिबिलच्या गुणांकाला ते लावू नयेत. भारतात प्रत्येक चौकशी स्वतंत्र धरूनच चालणे सुरक्षित.

बऱ्याचदा गफलत एजंटाच्या हाती होते. पॅन आणि सह्या एकदाच घेऊन तो फाइल चार-पाच बँकांत टाकतो. त्यामुळे व्याजदर, प्रक्रिया शुल्क आणि पात्रतेचे निकष आधी तोंडी किंवा संकेतस्थळावरून घ्यावेत. अहवाल मागवण्याची संमती निवडलेल्या एक-दोन बँकांनाच द्यावी. नकार आल्यास लगेच दुसरीकडे अर्ज न टाकता आधी त्याचे कारण विचारावे, कारण तोच दोष पुढच्या बँकेलाही दिसतो आणि चौकशीची ओळ तेवढी वाढते.

रिझर्व्ह बँकेच्या ऑक्टोबर २०२३ च्या आदेशानुसार अहवाल कोणी पाहिला की ग्राहकाला एसएमएस किंवा ईमेल येतो. संमतीविना चौकशी झाल्यास तक्रार करता येते. ती ३० दिवसांत निकाली न निघाल्यास पुढे दररोज १०० रुपये भरपाई देय आहे.