कमानीपेक्षा पाया अवघड : जुने पूल रुंद नद्यांवर कसे उभे राहिले

पूल बांधणाऱ्याला जुन्या काळी पहिला प्रश्न पडायचा तो पाण्यात पाय ठेवायचा की नाही, हा. दोरीचा पूल तो प्रश्नच टाळतो. पेरू देशात कुस्को भागात अपुरिमाक नदीवर क्वेस्वाचाका नावाचा गवताचा पूल आजही दरवर्षी जूनमध्ये नव्याने विणला जातो. इंका काळापासूनची ही रीत. आसपासच्या गावांतली घरं इचू गवताच्या बारीक सुतळ्या वळून आणतात, सुतळ्यांची दोरी होते आणि दोऱ्यांची वेणी घालून मांडीएवढे जाड दोर तयार होतात. चार दोर पायाखाली, दोन हाताला. ते दोन्ही काठांवरच्या दगडी आधारांना ताणून बांधले, की जुना पूल कापून नदीत सोडतात. २०२१ साली मार्चमध्ये तो आपोआप तुटून पडला, कारण साथीच्या काळात नवा विणलाच गेला नव्हता.

पण हा पूल तीस मीटरच्याही आतला आहे. अंतर वाढलं की दोराचं स्वतःचं वजन वाढतं, मधला झोल वाढतो, आणि तो कमी करायला जास्त ताण दिला तर काठावरचा आधारच उपटायची भीती. शिवाय दोन्ही बाजूंना उंच कडे हवेत. मैदानातली, पसरट काठांची नदी असेल तर पाण्यात खांब रोवण्यावाचून गत्यंतर नाही.

दगडी कमान रोमनांनी चांगलीच पक्की केली होती. आधी लाकडी सांगाडा उभारायचा (आपले गवंडी ज्याला सेंटरिंग म्हणतात तेच), त्यावर दोन्ही बाजूंनी पाचरीसारखे घडवलेले दगड चढवत न्यायचे आणि माथ्यावर शेवटचा दगड बसला की सांगाडा काढायचा. त्यानंतर दगड एकमेकांना दाबून उभे राहतात. अर्धवर्तुळाकार कमानीची अडचण इतकीच, की तीस मीटरचा गाळा हवा तर कमानच पंधरा मीटर उंच होते. म्हणून रुंद नदीत लहान गाळे जास्त आणि खांबही जास्त. खांबासाठी ते पाण्यात मेखांच्या दोन रांगांचं कडं ठोकायचे, मधे चिकणमाती ठासायचे आणि आतलं पाणी उपसून कोरड्यात पाया घालायचे. काही ठिकाणी इटलीतली ज्वालामुखीची राख चुन्यात मिसळायचे. तो चुना पाण्याखालीही घट्ट होतो.

हे जमलं नाही की काय होतं, हे लंडनच्या जुन्या पुलाने सहाशे वर्षं दाखवलं. पीटर ऑफ कोलचर्च नावाच्या पाद्र्याने ११७६ साली काम सुरू केलं. पूल १२०९ मध्ये पुरा झाला, तोवर पीटर वारला होता. थेम्स तिथे भरती-ओहोटीची, म्हणजे कडं करून पाणी उपसणं जवळपास अशक्य. मग त्यांनी एल्मच्या मेखा नदीच्या तळात ठोकल्या, मधे दगडगोटे भरले, वर ओकच्या फळ्या टाकल्या आणि त्यावर खांब बांधला. मेखा फार खोल जायच्या नाहीत. म्हणून प्रत्येक खांबाभोवती आणखी मेखा ठोकून होडीच्या आकाराचा रुंद ओटा केला.

हे ओटेच मुळावर आले. एकोणीस खांब आणि त्यांचे ओटे मिळून ओहोटीच्या वेळी नदीचा बहुतेक रस्ता अडवायचे. पुलाच्या एका बाजूचं पाणी दुसरीपेक्षा माणसाच्या उंचीएवढंही चढायचं आणि गाळ्यांतून धबधब्यासारखं कोसळायचं. होड्या उलटून माणसं बुडायची. त्या वेगाने तळाची वाळू निघून मेखा उघड्या पडायच्या. मेखा वाचवायला ओट्याभोवती आणखी दगड टाकायचे, त्याने रस्ता आणखी अरुंद, वेग आणखी जास्त. दुरुस्तीच आजार वाढवत होती. त्यातच १२८१-८२ च्या हिवाळ्यात बर्फाच्या रेट्याने पाच कमानी गेल्या.

१७५९ च्या सुमारास होड्यांना वाट मिळावी म्हणून मधला एक खांब काढून दोन गाळ्यांचा एक मोठा गाळा केला. कल्पना चांगली, पण नदीचा सगळा जोर त्याच फटीत गोळा झाला आणि शेजारच्या खांबांखालचा तळ झपाट्याने खरवडला जाऊ लागला. जॉन स्मीटन या अभियंत्याला तातडीने बोलावलं. शहराच्या जुन्या वेशी नुकत्याच पाडल्या होत्या, त्यांचे दगड विकून झाले होते. ते परत विकत घ्या आणि ताबडतोब त्या गाळ्यात टाका, असा सल्ला त्याने दिला. दगड पडले, पूल वाचला आणि १८३१ मध्ये शेजारी नवा पूल सुरू होईपर्यंत वापरात राहिला.