लेन्सच्या पेटीतील पाण्याचा हिशेब

पावसाळा सुरू झाला की गोव्यातल्या घरांमध्ये हवेची सापेक्ष आर्द्रता बहुतेक वेळ ८० टक्क्यांच्या वर राहते आणि मृगापासून चवथीपर्यंत ती फारशी खाली उतरत नाही. चामड्याच्या पट्ट्यावर किंवा चपलांवर बुरशी चढली की ती लगेच दिसते. लेन्समध्येही तशीच बुरशी वाढत असते, पण ती दोन काचांच्या मध्ये असल्याने कित्येक महिने कोणाच्या लक्षात येत नाही. ज्यांनी पदरमोड करून एखादी चांगली लेन्स घेतली आहे, त्यांना हे नुकसान टाळता यावे, आणि तेही महागडे कपाट विकत न घेता, म्हणून हा लेख लिहीत आहे.

बुरशीचे बीजाणू हवेत सर्वत्र असतात. नवीकोरी लेन्सही त्याला अपवाद नाही, त्यामुळे बीजाणूंना आत येऊच द्यायचे नाही हा विचार सोडून द्यावा लागतो. या बीजाणूंना अन्न फारच थोडे लागते. काचेवर बसलेली धूळ, बोटांचा तेलकटपणा आणि लेन्सच्या आतील वंगणाचा अंश एवढे त्यांना पुरते. डिचोली-सांग्याकडची तांबडी धूळ उन्हाळ्यात सगळ्यांच्याच कॅमेऱ्यांवर बसते. म्हणून मे महिन्याच्या अखेरीस हवेच्या रबरी पंपाने आणि मऊ ब्रशने ती झटकून काढावी आणि मगच काच मायक्रोफायबरच्या स्वच्छ कापडाने पुसावी. आधीच कापड फिरवले तर तीच धूळ काचेवर घासली जाते. मात्र बुरशीची जी गरज आपण खरोखर तोडू शकतो ती पाण्याची आहे. सापेक्ष आर्द्रता कित्येक दिवस सलग ७० टक्क्यांच्या वर राहिली की बीजाणू रुजतात. ती ६० टक्क्यांच्या खाली ठेवली तर लेन्सवर वाढणाऱ्या बहुतेक बुरशींची वाढ थांबते. एखाद्या संध्याकाळी पावसात छायाचित्रण केल्याने बुरशी लागत नाही. त्यानंतर कॅमेरा महिनाभर कपाटात पडून राहतो, तेव्हा ती लागते.

कपाटाची जागाही इथे महत्त्वाची असते. चिऱ्याची भिंत पावसाचे पाणी शोषून घेते आणि खोलीतल्या हवेपेक्षा थंड राहते. अशा भिंतीला टेकलेल्या कपाटातली हवाही थंड होते, आणि हवा थंड झाली की तिच्यात तेवढीच वाफ असूनही सापेक्ष आर्द्रता वाढते. कपाटात छोटा बल्ब लावण्याचा जुना उपाय याच नियमावर, पण उलट दिशेने, चालतो. २८ अंश सेल्सिअसची ८५ टक्के आर्द्रतेची हवा ३५ अंशांपर्यंत तापवली, तर पाण्याचा एक थेंबही बाहेर न काढता आर्द्रता ५८ टक्क्यांच्या आसपास उतरते. तरीही मला हा उपाय पसंत नाही. सततच्या उष्णतेने वंगण पातळ होऊन डायफ्रॅमच्या पात्यांवर पसरू शकते, आणि पावसाळ्यात वीज गेली की आर्द्रता पुन्हा होती तिथेच येते.

त्यापेक्षा रबरी कडा आणि चार बाजूंना खिट्ट्या असलेला, साधारण २० लिटरचा प्लॅस्टिकचा हवाबंद डबा, एक छोटा डिजिटल आर्द्रतामापक आणि २०० ग्रॅम सिलिका जेल एवढ्यावर काम भागते. डब्यातली आर्द्रता ४० ते ५० टक्के राहावी हे आपले लक्ष्य आहे. असा डबा ठेवूनही बुरशी लागल्याची तक्रार पुष्कळ जण करतात. त्यामागचे कारण कळण्यासाठी डब्यात पाणी कुठे कुठे असते याचा हिशेब एकदा मांडून पाहावा.

२८ अंशांना हवेच्या एका घनमीटरमध्ये जास्तीत जास्त सुमारे २७ ग्रॅम वाफ मावते. आर्द्रता ८५ टक्के असेल तेव्हा प्रत्यक्षात २३ ग्रॅम वाफ असते. आपल्या २० लिटरच्या डब्यातल्या हवेत त्या हिशेबाने अर्ध्या ग्रॅमपेक्षाही कमी पाणी भरते, आणि आर्द्रता ४५ टक्क्यांवर आणायला त्यातले जेमतेम पाव ग्रॅम काढावे लागते. म्हणजे डबा पुन्हा पुन्हा उघडल्याने कोरडेपणा जातो ही सर्वसाधारण भीती मोठीशी खरी नाही. डबा वीस वेळा उघडून आतली सगळी हवा दर वेळी बदलली, तरी फार तर पाच ग्रॅम पाण्याचा प्रश्न आहे.

आता त्याच डब्यात कॅमेऱ्यासोबत काय जाते ते पाहू. कॅमेऱ्याचा सुती पट्टा आणि लेन्स गुंडाळायचे फडके मिळून १५० ग्रॅम सुती कापड, आणि लेन्स ज्यातून आली तो पुठ्ठ्याचा खोका व कप्पे मिळून २५० ग्रॅम पुठ्ठा आहे असे धरू. पावसाळी हवेत सुती कापड आपल्या वजनाच्या सुमारे १२ टक्के पाणी धरून असते, तर ४५ टक्के आर्द्रतेला ६ टक्के. हाताला ते दोन्ही वेळी कोरडेच लागते. डब्यात गेल्यावर हे कापड साधारण ९ ग्रॅम पाणी सोडते आणि पुठ्ठा त्यात आणखी १५ ग्रॅमच्या आसपास भर घालतो. हवेतल्या पाव ग्रॅमच्या तुलनेत ही रक्कम जवळजवळ शंभरपट आहे. सिलिका जेल ४५ टक्के आर्द्रतेला आपल्या वजनाच्या सुमारे पाचव्या हिश्शाइतके पाणी धरते, म्हणजे २०० ग्रॅम जेलची ताकद ४० ग्रॅमची. त्यातली निम्म्याहून अधिक ताकद या पट्ट्या-पुठ्ठ्यावरच खर्च होते. नव्या बुटांच्या खोक्यातून काढलेल्या एक-दोन ग्रॅमच्या पुड्या अशा डब्यात टाकून काहीच का साधत नाही, हेही यावरून समजते. पट्टा, फडके, पुठ्ठा आणि चामड्याची पिशवी डब्याबाहेर ठेवली आणि आत फक्त कॅमेरा, लेन्स आणि मायक्रोफोन राहिले, तर तेच जेल कित्येक आठवडे पुरते.

जेल कधी भरले हे रंगावरून ओळखण्याचा प्रघात आहे. निळे दाणे गुलाबी होतात, नारिंगी दाणे गडद हिरवे होतात. परंतु स्वयंपाकघरातला वजनकाटा याहून चोख उत्तर देतो. कोरडे जेल जाळीच्या पिशवीत भरून पिशवीसकट वजन करावे आणि ते डब्याच्या झाकणावर लिहून ठेवावे. २०० ग्रॅम जेलची पिशवी ३५ ते ४० ग्रॅमने जड झाली की जेल तापवायची वेळ झाली. पिशवीतून दाणे काढून ओव्हनमध्ये ११० ते १२० अंशांवर दोन तास ठेवावेत आणि काचेच्या बंद बरणीत गार करावेत, कारण उघड्यावर गार होताना ते खोलीतलीच आर्द्रता पुन्हा पिऊ लागतात. गरम दाणे लेन्सजवळ ठेवू नयेत. निळ्या दाण्यांमध्ये कोबाल्ट क्लोराइड असते आणि ते विषारी आहे, म्हणून स्वयंपाकाच्या भांड्यासाठी आणि ओव्हनसाठी पांढरे साधे दाणेच घ्यावेत. दुकानात मिळणारे, पाणी ओढून स्वतःच पातळ होणारे कॅल्शियम क्लोराइडचे डबे कपड्यांच्या कपाटात ठीक आहेत, पण त्यांतले खारे पाणी सांडले तर कॅमेऱ्याचा धातू गंजतो. तांदूळ तर वापरूच नयेत, कारण ते स्वतःच ओलावा धरून असतात आणि त्यांचा भुगा उडतो.

स्वस्त आर्द्रतामापक पाच टक्के इकडेतिकडे दाखवू शकतो, म्हणून तो एकदा तपासून घ्यावा. बाटलीच्या झाकणात मीठ घेऊन ते ओलसर होईल एवढेच पाणी घालावे, मीठ पूर्ण विरघळू देऊ नये. हे झाकण आणि मापक एका बंद प्लॅस्टिकच्या पिशवीत रात्रभर ठेवावे. मिठाच्या संपृक्त द्रावणावरची हवा ७५ टक्क्यांवर स्थिर राहते, त्यामुळे मापक ७९ दाखवत असेल तर तो चार टक्के जास्त दाखवतो हे लक्षात ठेवून पुढचे आकडे वाचावेत. जेल कोरडे असूनही डब्यातला आकडा दोन दिवसांत ४५ वरून ६० वर चढला, आणि आत कापड किंवा पुठ्ठा नाही, तर झाकणाची रबरी कडा नीट बसत नाही असे समजावे. आकडा ३० च्या खाली गेला तर थोडे जेल काढून बरणीत ठेवावे, कारण फार कोरड्या हवेत चामडे आणि काही रबरी भाग कडक पडतात.

माशेलच्या चिखलकाल्याला किंवा सांजांवच्या दिवशी छायाचित्रे काढून घरी आल्यावर कॅमेरा थेट डब्यात टाकण्याचा मोह आवरावा. आधी ओल्या कापडाने चिखल टिपून घ्यावा, मग कोरड्या कापडाने पुसावे आणि दोन-तीन तास पंख्याखाली ठेवावे. पंखा थेंब वाळवतो, पण खोलीतल्या हवेपेक्षा अधिक कोरडे तो करू शकत नाही. त्यापुढचे काम डब्यानेच करायचे असते. वातानुकूलित सभागृहातून बाहेर पडताना वेगळी काळजी हवी. बाहेर २८ अंश आणि ८५ टक्के आर्द्रता असेल, तर २५ अंशांपेक्षा थंड असलेल्या प्रत्येक वस्तूवर दव जमते आणि ते कॅमेऱ्याच्या आतही जमू शकते. म्हणून खोलीतच कॅमेरा झिपच्या पिशवीत बंद करावा आणि बाहेर आल्यावर अर्धा-पाऊण तास ती उघडू नये. तेवढ्या वेळात दव पिशवीवर जमते आणि कॅमेरा बाहेरच्या तापमानाला येतो.

महिन्यातून एकदा प्रत्येक लेन्स तपासावी. लेन्स कॅमेऱ्यातून काढून डायफ्रॅम पूर्ण उघडावे, मागच्या बाजूने मोबाइलचा टॉर्च तिरका धरावा आणि पुढून पाहावे. सुटे ठिपके दिसले तर ती धूळ असते, आणि तिने छायाचित्रात सहसा फरक पडत नाही. सगळीकडे सारखी धुरकट झाक बहुधा वंगणाच्या वाफेची असते. कोळ्याच्या जाळ्यासारखे, एका बिंदूतून फाटे फुटत गेलेले बारीक धागे मात्र बुरशीचे असतात. अशा लेन्सने उजेडासमोर काढलेली छायाचित्रे फिकी आणि धुकट येतात. धागे पुढच्या काचेच्या बाहेर असतील तर लेन्स साफ करण्याच्या द्रवाने निघतात, आत असतील तर लेन्स उघडणाऱ्या कारागिराकडेच न्यावी लागते आणि तेही लवकर. बुरशी आम्ले सोडते. काचेवरचा परावर्तन रोखणारा मॅग्नेशियम फ्लोराइडचा थर जेमतेम १०० नॅनोमीटर जाडीचा असतो, आणि तो एकदा खाल्ला गेला की साफसफाईने परत येत नाही. लेन्स उन्हात ठेवून बुरशी मारण्याचा सल्ला मानू नये. बुरशी मारणारे अतिनील किरण काचेतून फारसे आत जात नाहीत आणि लेन्समधून एकवटलेले ऊन मात्र आग लावू शकते.

मायक्रोफोनमध्ये बुरशीच्या आधी आर्द्रताच त्रास देते. कंडेन्सर मायक्रोफोनचा पडदा काही मायक्रॉन जाडीचा असतो आणि त्यावरचा विद्युतभार अतिशय मोठ्या विद्युतरोधामुळेच टिकून राहतो. धुळीवर ओलावा बसला की त्यातून हा भार झिरपू लागतो, आणि ध्वनिमुद्रणात आधी अधूनमधून तडतड, मग सलग खरखर ऐकू येते. चवथीच्या घुमट आरतीचे ध्वनिमुद्रण करताना अशी तडतड सुरू झाली तर केबल बदलून पाहावी. ती थांबली नाही, तर मायक्रोफोन बंद करून जेलच्या डब्यात चोवीस तास ठेवावा. बहुतेक वेळा आवाज पूर्ववत येतो. त्यावर केस वाळवण्याचे यंत्र धरू नये, कारण गरम हवेच्या झोताने पडदा सैल होऊ शकतो. जाळीच्या आतला फोम गायकाच्या श्वासाने ओला होतो. तो काढता येत असेल तर साबणाच्या कोमट पाण्यात धुवून, पूर्ण वाळल्यावरच परत बसवावा, आणि मायक्रोफोन डब्यात ठेवताना त्याच्या कापडी पिशवीतून बाहेर काढूनच ठेवावा.