हायड्रोजन आधी जात नाही

दुसऱ्या वर्षाच्या सेंद्रिय रसायनाच्या उत्तरपत्रिकांमध्ये एक चूक मला दरवर्षी सापडते. बेंझीनच्या नायट्रेशनमध्ये आधी हायड्रोजन निघून जातो आणि मग रिकाम्या जागी नायट्रो गट येऊन बसतो, असं मुलं लिहितात. प्रत्यक्षात पाहुणा आधी येतो, हायड्रोजन नंतर जातो. हा क्रम का, ते समजलं की पाठांतराची गरजच उरत नाही.

सुरुवात बेंझीनच्या स्थैर्यापासून करू. सायक्लोहेक्झीनमध्ये एकच दुहेरी बंध असतो. त्यावर हायड्रोजन चढवला की मोलमागे सुमारे १२० किलोज्यूल उष्णता बाहेर पडते. तीन दुहेरी बंधांना मिळून ३६० पडायला हवी. बेंझीन मात्र २०८च देतं. म्हणजे ते अपेक्षेपेक्षा सुमारे १५० किलोज्यूलने आधीच खाली बसलेलं आहे. याहून बोलकी गोष्ट पुढे आहे. १,३-सायक्लोहेक्झाडाइनमध्ये दोनच दुहेरी बंध, तरी ते २३२ किलोज्यूल देतं! म्हणजे बेंझीनवर हायड्रोजनचा पहिला रेणू चढवायचा तर उष्णता मिळणं दूरच, उलट २४ किलोज्यूल आपल्यालाच खर्च करावे लागतात.

कारण त्या सहा π इलेक्ट्रॉनांचे तीन वेगळे बंध नसतातच. ते सहाही कार्बनांवर सारखे पसरलेले असतात, म्हणून कड्यातला प्रत्येक कार्बन-कार्बन बंध १३९ पिकोमीटरचा, एकेरी आणि दुहेरीच्या मधला. दुहेरी बंध इकडून तिकडे उड्या मारत असतात, ही समजूत केकुलेच्या १८७२ च्या मांडणीतून आली आणि अजून वर्गात टिकून आहे. त्याच केकुलेला सापाच्या स्वप्नात कडं ‘दिसलं’, हा किस्सा साक्षात्काराचा पुरावा म्हणून फिरवला जातो, याचा मला राग येतो. स्वप्नाची गोष्ट त्याने १८९० मध्ये सांगितली, रचना मांडल्यावर पंचवीस वर्षांनी. कार्बन चार बंध करतो हे त्याने १८५८ मध्येच मांडलं होतं. त्या कामाशिवाय कोणताही साप उपयोगी पडला नसता.

आता नायट्रेशन. सल्फ्युरिक आम्ल इथे नायट्रिक आम्लाला प्रोटॉन देतं, त्यातून पाणी निघून जातं आणि नायट्रोनियम आयन उरतो:

HNO₃ + 2H₂SO₄ ⇌ NO₂⁺ + H₃O⁺ + 2HSO₄⁻

हा धनभारित आयन इलेक्ट्रॉनांचा भुकेला असतो. बेंझीन आपल्या सहांपैकी दोन π इलेक्ट्रॉन त्याला देऊन एका कार्बनवर त्याच्याशी बंध करतं. त्या कार्बनवर आता हायड्रोजनही आहे आणि नायट्रो गटही. तो sp³ झाला, म्हणजे त्याचे चारही बंध एकेरी झाले, आणि पसरलेल्या इलेक्ट्रॉनांची साखळी तिथे तुटली. उरलेले चार इलेक्ट्रॉन पाच कार्बनांवर पसरतात आणि धनभार शेजारच्या दोन व समोरच्या एका कार्बनवर वाटला जातो. हाच ॲरेनियम आयन. सहा इलेक्ट्रॉन कडंभर पसरल्याने मिळालेलं स्थैर्य, म्हणजेच ॲरोमॅटिकपणा, गमावून इथवर चढणं हीच या प्रवासातली अवघड चढण, म्हणून हीच सर्वात मंद पायरी.

इथून दोन वाटा आहेत. एखादा ऋण आयन येऊन चिकटला तर बेरीज होईल, पण ॲरोमॅटिकपणा कायमचा गेला. हायड्रोजन प्रोटॉन म्हणून सुटला तर त्याच्या बंधातले दोन इलेक्ट्रॉन कड्यात परततात आणि सहाची पंगत पुन्हा पूर्ण होते. कडं दुसरी वाट धरतं. HSO₄⁻ प्रोटॉन उचलतो, सल्फ्युरिक आम्ल परत मिळतं.

पण हे खरंच असं घडतं, हे कसं कळलं? जड हायड्रोजनचा कार्बनशी बंध तुटायला जास्त वेळ लागतो. हायड्रोजन सुटणं हीच मंद पायरी असती, तर हायड्रोजनऐवजी ट्रिटियम हा जड हायड्रोजन लावल्यावर ती जागा नायट्रेशनला मागे पडली असती. १९५० च्या सुमारास स्वीडनच्या मेलांडरने हे करून पाहिलं. फरक पडला नाही. म्हणजे वेग ठरतो तो नायट्रोनियमच्या येण्यावर, हायड्रोजन नंतर झटकन सुटतो. सल्फोनेशनमध्ये मात्र फरक दिसतो, कारण तिथे पहिली पायरी सहज उलटी फिरते. तेव्हा हा नियम सगळ्या प्रतिस्थापनांना डोळे झाकून लावू नका.

नायट्रेशन ५०-६० अंशांवर ठेवतात. नायट्रो गट कड्यातून इलेक्ट्रॉन ओढून घेतो, त्यामुळे दुसरा नायट्रोनियम सहज चढत नाही आणि क्रिया बहुतांशी एकावर थांबते. तापमान वाढू दिलं की दुसराही येतो, एक कार्बन सोडून पुढच्या, म्हणजे मेटा जागेवर. झालं की नाही ते डोळ्यांनी दिसतं. नायट्रोबेंझीन फिकट पिवळं तेल आहे. आम्लांचं मिश्रण त्याहून जड, म्हणून तेल आधी वर तरंगतं. तेच पाण्यात ओतलं की तळाशी जातं. थंड झाल्यावर तेलात स्फटिक दिसू लागले, तर मेटा-डायनायट्रोबेंझीन झालं आहे. ते ९० अंशांच्या आसपास वितळतं.