ओपिएटची पट्टी पॉझिटिव्ह आली, तर तोच नमुना पाठवा

लघवीत ओपिएट, म्हणजे अफूच्या जातीची द्रव्यं, आहेत का हे पट्टीवर तपासणारे कारखाने आणि वाहतूक कंपन्या यांचे फोन आमच्या प्रयोगशाळेला सारखे येतात : "ड्रायव्हरची पट्टी पॉझिटिव्ह आली. उद्या पुन्हा लघवी घेऊन पाठवतो, कन्फर्म करून द्या." पहिला नमुना कुठे आहे, असं विचारलं तर तो केव्हाच ओतून दिलेला असतो. नव्या नमुन्यावरून जुन्या पट्टीची खात्री करता येत नाही. अडचण नेमकी तिथे होते.

पट्टीवरचं प्रतिपिंड रेणूचा आकार ओळखतं, पण आकाराने जवळचे असलेले रेणू त्याला वेगळे काढता येत नाहीत. त्यामुळे मॉर्फिन, कोडीनचं खोकल्याचं औषध, गर्द, इतकंच काय, भरपूर खसखस खाल्ली तरीही पट्टी पॉझिटिव्ह येऊ शकते. पट्टी वाईट नाही, आम्हीही ती विकतो. पण तिच्या भरवशावर कुणाला कामावरून काढू नका.

खात्री करायला आम्ही मास स्पेक्ट्रोमीटर वापरतो, ते यंत्र रेणूचं वजन करतं. नमुन्यातले पदार्थ आधी एका बारीक नळीतून जातात आणि आपापल्या वेळेला बाहेर पडतात. मग त्यांना विद्युतभार दिला जातो. भारित मॉर्फिनचं वस्तुमान 286, कोडीनचं 300. यंत्र फक्त 286 चे रेणू निवडून फोडतं आणि तुकडे मोजतं. हायड्रोमॉर्फोनचंही वस्तुमान 286 च आहे, म्हणून नुसत्या वजनावर आम्ही शिक्का मारत नाही. नळीतून बाहेर पडायची वेळ, तुकड्यांची वजनं आणि त्यांचं आपसातलं प्रमाण, हे तिन्ही जुळावं लागतं. शिवाय प्रत्येक नमुन्यात जड हायड्रोजन घातलेलं मॉर्फिन ठरावीक प्रमाणात मिसळतो. तयारीत काही वाया गेलं, तर त्याच्याशी ताडून हिशोब बरोबर लागतो.

समजा, पट्टी पॉझिटिव्ह आलेल्या नमुन्यात मिलिलीटरला कोडीन 1850 नॅनोग्रॅम, मॉर्फिन 420 आणि 6-अ‍ॅसिटिलमॉर्फिन शून्य निघालं. कोडीनचं काही अंशी शरीरातच मॉर्फिन होतं, त्यामुळे हे चित्र खोकल्याच्या औषधाशी जुळतं. आता डॉक्टरची चिठ्ठी बघायची. 6-अ‍ॅसिटिलमॉर्फिन मात्र गर्दातल्या हेरॉइनपासूनच बनतं, खसखस किंवा कोडीनमधून नाही. पण ते लघवीत जेमतेम एक दिवस टिकतं. उद्याच्या नमुन्यात ते सापडलं नाही, तर माणूस निर्दोष होता की उशीर झाला, हे आम्हीही सांगू शकत नाही. कोडीनचंही तेच. दिवस गेले की मॉर्फिनचं प्रमाण कोडीनपेक्षा वरचढ दिसू लागतं आणि अर्थ लावणं अवघड होतं.

म्हणून नमुना घेतानाच दोन बाटल्यांत वाटून घ्या : एक 30 मिलीची, दुसरी 15 मिलीची. दोन्ही ड्रायव्हरसमोर सीलबंद करा, सीलवर त्याची सही घ्या. पट्टी मात्र सील लावण्याआधीच पहिल्या बाटलीतल्या थोड्याशा लघवीवर करा. 15 मिलीची बाटली उघडू नका, निकालाबद्दल वाद झाला तर तीच कामाला येते. दोन्ही बाटल्या फ्रिजमध्ये ठेवा. चार-पाच दिवसांत पाठवता येणार नसतील, तर गोठवा.

किती घेतलं आणि घेतलेलं असताना गाडी चालवली का, हे लघवीवरून यंत्रालाही सांगता येत नाही, ते आमच्याकडून लिहून मागू नका. तपासणीचा खर्च पट्टीच्या कितीतरी पट आहे, म्हणून ती फक्त पॉझिटिव्ह नमुन्यांची करा. दोन बाटल्या, सील आणि सहीचा फॉर्म असलेला संच आमच्याकडे मिळतो. वर्षाचा करार असलेल्या कंपन्यांना त्याचे वेगळे पैसे पडत नाहीत.