टेन-बिटचा एट-बिट करताना आकाशात पट्टे का पडतात?

जुन्या प्लेअरसाठी टेन-बिट व्हिडिओ एट-बिट केला आणि आकाशात पट्टे दिसले की सगळे एकच सांगतात, बिटरेट वाढव. पण बऱ्याचदा पट्टे त्याच्या आधीच, आकडे कमी करताना पडलेले असतात, आणि मग बिटरेट कितीही वाढवला तरी ते पट्टेच जास्त नीट जपले जातात.

टेन-बिटमध्ये उजेडाच्या १०२४ पायऱ्या, एट-बिटमध्ये २५६, म्हणजे ढोबळमानाने प्रत्येक आकड्याला ४ ने भागायचं. समजा १९२० पिक्सेल रुंद फ्रेममध्ये आकाश डावीकडून उजवीकडे ६०० पासून ६८० पर्यंत उजळत जातंय. इथे दर २४ पिक्सेलला एक बारीक पायरी येते, ती दिसत नाही. भागल्यावर १५० ते १७० एवढंच उरतं, म्हणजे ९६ पिक्सेलचा एकेक सपाट पट्टा, आणि आपला डोळा अशा कडा असतात त्याहून ठळक करून दाखवतो (एर्न्स्ट माखने हे १८६५ मध्येच मांडलं होतं).

यावरचा उपाय म्हणजे डिदरिंग, आणि त्यातली एरर डिफ्यूजन ही पद्धत मला फार आवडते. ६०१ ला ४ ने भागलं की १५०.२५ येतात. पहिल्या पिक्सेलला १५० लिहायचे, पण उरलेले ०.२५ फेकायचे नाहीत, शेजाऱ्याला द्यायचे. तो झाला १५०.५, त्याला १५१ लिहिले, म्हणजे अर्धा जास्त दिला, तो पुढच्याकडून वळता केला, तो १४९.७५ झाला, लिहिले १५०. आता पाव जास्त गेला, तो चौथ्यातून वजा केला की बरोबर १५० उरतात. चौघांची सरासरी काढा, १५०.२५ च येते! प्रत्यक्षात उरलेला भाग खालच्या ओळीतही वाटतात, नाहीतर नक्षी दिसते.

खरी गोची पुढे आहे. १५० आणि १५१ च्या या सरमिसळीतून तयार झालेला एका पायरीचा बारीक दाणा एनकोडरला फालतू वाटतो, बिटरेट कमी असेल तर तो दाणा पुसून टाकतो आणि पट्टे परत येतात, या वेळी चौकोनी कडांचे. म्हणून बिटरेटची गरज आहे, पण डिदरिंगनंतर.

```
ffmpeg -i in.mkv -vf zscale=dither=error_diffusion,format=yuv420p -c:v libx264 -crf 16 -aq-mode 3 -c:a copy out.mkv
```

यात `aq-mode 3` अंधाऱ्या भागांना जास्त बिट देतो, रात्रीच्या आकाशाला ते लागतातच. फाइल मोठी होईल, त्याला इलाज नाही.

तपासायचं तर आकाशाची फ्रेम थांबवून मूळ आकारात बघा आणि कॉन्ट्रास्ट भरपूर वाढवा, बारीक दाणा दिसला तर ठीक, सपाट पायऱ्या दिसल्या तर `crf` चा आकडा अजून खाली आणा, म्हणजे बिटरेट वाढेल.

आणि एट-बिट फाइल टेन-बिट करून 'क्वालिटी वाढवली' म्हणणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका, नुसतं रूपांतर करून गेलेल्या पायऱ्या परत येत नाहीत. मूळ फाइलमध्येच पट्टे असतील तर डिदरिंगही काही करू शकत नाही, तिथे `gradfun` सारखा फिल्टर लागतो, आणि तो जोरात लावला तर ढगांचा बारीक पोतही पुसला जातो.