हळदीचा वायदा: भाव चढला की शेतकरी बुडतो का?

“वायदा म्हणजे सट्टाच. शेतकऱ्याने वायदा विकला आणि पुढे भाव चढला, तर तो बुडणारच ना?”

नाही, मात्र विकलेला वायदा, म्हणजे पुढच्या महिन्यासाठी आजच भाव ठरवून केलेला सौदा, घरच्या मालाएवढाच असायला हवा. वसमतच्या एका शेतकऱ्याचे उदाहरण घेऊ. यातील भाव समजुतीसाठी धरलेले आहेत. एनसीडीईएक्स या शेतमालाच्या वायदे बाजारात हळदीचा एक लॉट ५ टनांचा, म्हणजे ५० क्विंटलांचा असतो. तेवढेच पीक येणार असल्याने त्याने फेब्रुवारीत मे महिन्याचा एक लॉट १४,००० रुपये क्विंटलने विकला. मेमध्ये भाव १२,००० झाला, तर बाजार समितीत हळद १२,००० ने विकली जाते आणि विकलेला वायदा परत विकत घेताना क्विंटलमागे २,००० सुटतात. भाव १६,००० झाला, तर वायद्यात गेलेले २,००० हळदीच्या चढ्या किमतीतून भरून निघतात. दोन्ही वेळा हाती साधारण १४,०००च पडतात. मसाला कारखानदार याच्या उलट आधी वायदा विकत घेतो आणि आपला खरेदीखर्च बांधून ठेवतो.

खरी अडचण रोकडीची असते, आणि माझ्या मते तिच्याबद्दल फारच कमी बोलले जाते. वायद्याचा हिशेब रोज होतो; त्यामुळे भाव २,००० ने चढताच, हळद विकण्याआधीच, एक लाख रुपये भरावे लागतात, आणि ते न जमल्यास दलाल सौदा मध्येच तोडतो. शिवाय वायद्याचा भाव तेलंगणातील निजामाबादच्या बाजारावर आधारलेला असल्याने वसमतच्या भावातील फरक शेतकऱ्याच्याच माथी राहतो. पीक ५० क्विंटल असताना दोन लॉट विकले, तर मात्र दुसरा लॉट निव्वळ सट्टा ठरतो.