पिशवीबंद दुधातील ड जीवनसत्त्व आणि खानदेश

दूध पिशवीत भरण्यापूर्वी डेअरीत त्यात ड जीवनसत्त्व मिसळण्याच्या प्रक्रियेला दुधाचे पोषणसमृद्धीकरण म्हणतात. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तीन जिल्ह्यांतल्या किराणा दुकानांत आणि दूधकेंद्रांवर मिळणाऱ्या काही पिशव्यांवर त्याची खूण दिसते. असे दूध पिऊन शरीरातली ड जीवनसत्त्वाची कमतरता भरून निघते का, हा प्रश्न दवाखान्यांत नेहमी विचारला जातो. सध्याच्या प्रमाणात मिसळलेल्या जीवनसत्त्वाने झालेली कमतरता भरून निघत नाही, ना मोठ्यांची ना मुलांची. याचे कारण मात्र दुधात नसून मात्रेत आहे.

भारतीय अन्न सुरक्षा व मानक प्राधिकरणाच्या 2018 च्या नियमांनुसार असे दूध प्रति लिटर 5 ते 7.5 मायक्रोग्रॅम ड जीवनसत्त्वाचे असावे लागते. औषधाच्या पाकिटावर हेच माप आययू या एककात छापलेले असते. 1 मायक्रोग्रॅम म्हणजे 40 आययू, त्यामुळे लिटरमागे 200 ते 300 आययू होतात. मिसळणे ऐच्छिक आहे, म्हणून प्रत्येक पिशवीत ते असेलच असे नाही. ज्या पिशवीत आहे तिच्यावर निळ्या रंगात +F ही खूण असते आणि मागच्या पोषणतक्त्यात 100 मिलिलिटरमागचे प्रमाण दिलेले असते. तिथे 0.5 ते 0.75 मायक्रोग्रॅम असा आकडा दिसला, तर दूध नियमाप्रमाणे आहे. खूण नसेल तर त्या दुधात ड जीवनसत्त्व नावापुरतेच असते, कारण गाई-म्हशीच्या दुधात ते मुळातच फार थोडे असते आणि टोन्ड दूध करताना स्निग्धांश काढला की त्याबरोबर तेही निघून जाते.

आता हा हिशेब एका घरात लावून पाहू. समजा, जळगावात राहणाऱ्या एका कुटुंबात रोज +F खुणेचे दूध येते. आईच्या वाट्याला दिवसभराच्या चहातून आणि घरी लावलेल्या दह्यातून मिळून 200 मिलिलिटर दूध येते. नऊ वर्षांचा मुलगा सकाळ-संध्याकाळ एकेक पेला, म्हणजे 400 मिलिलिटर पितो. आईला 40 ते 60 आययू मिळाले आणि मुलाला 80 ते 120. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2020 च्या शिफारशीनुसार दोघांनाही रोज 600 आययू हवे. ते एकट्या दुधातून मिळवायचे तर दिवसाला दोन ते तीन लिटर दूध प्यावे लागेल. नऊ वर्षांच्या मुलाने इतके दूध प्यायले तर त्याला भाकरीची भूकच राहणार नाही, आणि लोहाची कमतरता होईल ती वेगळीच.

रक्तात याचा परिणाम किती दिसतो, तेही मोजता येते. शरीरातला साठा पाहण्यासाठी 25-हायड्रॉक्सी व्हिटॅमिन डी ही तपासणी करतात. मिलिलिटरमागे 20 नॅनोग्रॅमपेक्षा जास्त म्हणजे पुरेसे, आणि 12 पेक्षा कमी म्हणजे ठळक कमतरता, असे साधारणपणे मानले जाते. रोज 100 आययू पोटात गेले तर दोन-तीन महिन्यांत हा आकडा ढोबळमानाने एकाने वाढतो. वरच्या मुलाचा अहवाल 9 असेल तर तीन महिने नेमाने दूध पिऊन तो 10 च्या आसपास जाईल. तोच नमुना दोन प्रयोगशाळांत दिला तरी एवढा फरक पडू शकतो. म्हणजे दुधामुळे काही बदलले की नाही, हे अहवाल पाहून ठरवताही येणार नाही. आईची वाढ त्याच्याही निम्मी. त्यामुळे ‘दूध बदलून पाहिले, तरी आकडा हलला नाही’ असे कोणी सांगितले, तर त्यात शरीराचा दोष शोधू नये.

यावरून दूध हे वाहन म्हणूनच वाईट, असा निष्कर्ष काढणे चूक ठरेल. दिल्लीतल्या शाळकरी मुलांवर झालेला आणि 2013 मध्ये प्रसिद्ध झालेला एक प्रयोग या विषयात मला सर्वांत बोलका वाटतो. 10 ते 14 वर्षांच्या सुमारे 700 मुलांचे तीन गट करून सगळ्यांना बारा आठवडे रोज 200 मिलिलिटर दूध दिले. एका गटाच्या दुधात काहीच मिसळलेले नव्हते, दुसऱ्याच्या पेल्यात 600 आययू होते, तिसऱ्याच्या पेल्यात 1000. सुरुवातीला मुलांची सरासरी पातळी 12 च्या जवळ होती. साध्या दुधाच्या गटात ती 11 च्या आसपास राहिली. 600 आययूच्या गटात ती 23 वर पोचली आणि 1000 आययूच्या गटात 28 च्या जवळ. म्हणजे दुधात घातलेले जीवनसत्त्व अंगी लागते, आणि चांगलेच लागते. पण त्या 600 आययूच्या पेल्यातले प्रमाण लिटरला 3000 आययू होते, आपल्या पिशवीच्या दहापट किंवा त्याहून जास्त. जाहिरातीत अशा प्रयोगाचा आधार दिलेला दिसला, तर पहिला प्रश्न हाच विचारावा की त्या पेल्यात किती होते आणि या पिशवीत किती आहे.

मग एवढे थोडे मिसळतातच कशाला? नियम एका आजारी माणसासाठी नसून सगळ्या लोकसंख्येसाठी असतो, आणि जो सर्वांत जास्त दूध पितो त्यालाही अति होणार नाही हे त्यात पाहावे लागते. थोड्या मात्रेनेही समाजाची सरासरी उचलता येते, हे फिनलंडमध्ये दिसले आहे. तिथे 2003 पासून दुधात लिटरला 200 आययू आणि 2010 पासून 400 आययू घालण्याची शिफारस आहे, शिवाय पावाला लावायच्या लोण्यासारख्या पदार्थांतही ते घालतात. 2000 ते 2011 या काळात तिथल्या प्रौढांची सरासरी सुमारे 19 वरून 26 वर गेली. गोळ्या घेणारेही त्या काळात वाढले होते, पण गोळ्या न घेता दूध पिणाऱ्यांतही वाढ दिसली. मात्र तिथे दूध जेवणाबरोबर पेल्याने पितात आणि जवळजवळ सगळेच दूध डेअरीतून येते.

खानदेशात चित्र वेगळे आहे. गावात आणि शहराच्या बऱ्याच भागातही रतीब गवळ्याचाच असतो, आणि सुट्या दुधात कोणी काही मिसळत नाही. सातपुड्यातल्या अक्कलकुवा-धडगावकडच्या कित्येक आदिवासी घरांत दूध हे रोजचे अन्नच नाही. ज्या घरात पिशवी येते त्या घरातही मोठ्यांचे दूध चहात जाते. म्हणून पिशवीतून मिळणारे संरक्षण शहरातल्या, दूध पिणाऱ्या मुलांपर्यंत पोचते आणि ज्यांना त्याची जास्त गरज असू शकते ते बाहेर राहतात. जेवणाचीही यात मदत होत नाही. कळण्याची भाकरी, वरणबट्टी, भरीत, शेवभाजी यांत ड जीवनसत्त्व जवळजवळ नसते. ते मासे, अंडी आणि यकृत यांत मिळते.

ऊन मात्र खानदेशाला भरपूर आहे. 21 अक्षांशावर बाराही महिने दुपारच्या उन्हात त्वचेत ड जीवनसत्त्व तयार करणारे अतिनील-ब किरण असतात. अडचण अशी की एप्रिल-मे मध्ये जळगाव-भुसावळचा पारा 45 च्या आसपास जातो तेव्हा त्याच वेळी माणसे दार लावून घरात बसतात, आणि बाहेर पडावेच लागले तर डोक्यापासून बोटांपर्यंत रुमाल, स्कार्फ, हातमोजे असतात. ते योग्यच आहे. उष्माघात ही त्याहून मोठी भीती आहे. पण सकाळचे कोवळे ऊन अंगावर घेतले की भागते, हा समज खरा नाही. सूर्य खाली असताना हे किरण वातावरणातच अडतात. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असेल तेव्हाच त्वचेत काही तयार होते, आणि सावळ्या त्वचेला जास्त वेळ लागतो. त्यामुळे दिवाळीपासून होळीपर्यंतची दुपार त्यासाठी सोयीची. काचेआडचे ऊन उपयोगाचे नाही.

दूध उकळल्याने हे जीवनसत्त्व फारसे नष्ट होत नाही. पण ते स्निग्धांशात विरघळणारे असल्याने सायीबरोबर काही अंश निघून जाऊ शकतो, आणि तुपासाठी रोज साय काढून ठेवणाऱ्या घरात मुलाच्या पेल्यात छापलेल्यापेक्षा थोडे कमीच उतरण्याची शक्यता असते.

कमतरता एकदा ठरली की उपचार औषधाच्या मात्रेनेच करावा लागतो. प्रौढांना बहुधा 60,000 आययूची पुडी किंवा कॅप्सूल आठवड्यातून एकदा, सहा ते आठ आठवडे देतात. अशा एका पुडीत जेवढे असते तेवढ्यासाठी +F खुणेचे 200 ते 300 लिटर दूध लागेल. कंबर-मांड्या दुखणे, जमिनीवरून उठताना हाताचा आधार घ्यावा लागणे, डुलत चालणे ही हाडे मऊ पडल्याची लक्षणे आहेत. ती असताना दूध वाढवून वाट पाहत बसू नये. मुलांत मनगटे रुंद होणे, पाय धनुष्यासारखे वाकणे, फासळ्यांवर मण्यांसारख्या गाठी लागणे ही मुडदूसाची चिन्हे होत. 1 ते 12 वर्षांच्या मुलाला मुडदूसासाठी रोज 3000 ते 6000 आययू किमान 90 दिवस आणि सोबत रोज 500 मिलिग्रॅम कॅल्शियम, असा 2016 च्या आंतरराष्ट्रीय सहमतीतला सल्ला आहे. इथे दुधाला खरे काम आहे, मग ते पिशवीचे असो की गवळ्याचे. एका पेल्यातून जवळजवळ 240 मिलिग्रॅम कॅल्शियम मिळते. भाकरी-डाळीवर वाढणाऱ्या मुलाच्या आहारात कॅल्शियम आधीच कमी असते, आणि धान्याच्या कोंड्यातले फायटेट त्याचे शोषण आणखी कमी करते. भारतात काही मुलांचा मुडदूस मुख्यतः कॅल्शियमच्या अभावाने होतो, तिथे नुसती पुडी देऊन हाडे सरळ होत नाहीत.

तान्ह्या बाळाला हे दूध लागू नाही. वर्षाच्या आत गाई-म्हशीचे दूध मुख्य आहार म्हणून द्यायचे नसते, आणि आईच्या दुधात ड जीवनसत्त्व फार कमी उतरते. म्हणून जन्मापासून वर्षभर रोज 400 आययूचे थेंब देतात. थेंबांच्या बाटल्यांची तीव्रता सारखी नसते: एकीत 1 मिलिलिटरमध्ये 400 आययू, तर दुसरीत 800. दुकानदाराने बाटली बदलून दिली तर नळीवरची खूण पुन्हा वाचावी.

पिशवीच्या दुधाने अतिरेक होण्याची भीती नाही. अतिरेक होतो तो आठवड्याची पुडी रोज घेतल्याने, किंवा गुडघेदुखीवर लाखो आययूचे इंजेक्शन पुन्हापुन्हा टोचून घेतल्याने. तेव्हा रक्तात कॅल्शियम चढते. उलट्या, बद्धकोष्ठ, सतत तहान, वारंवार लघवी अशी लक्षणे दिसतात आणि मूत्रपिंडाला इजा होते. अशा वेळी पुड्या, इंजेक्शन, कॅल्शियमच्या गोळ्या सगळे थांबवून त्याच दिवशी रक्तातले कॅल्शियम आणि क्रिएटिनिन तपासावे लागते.